रविवारची तीस मिनिटं: चार आकडे बघून पुढच्या आठवड्याचे व्हिडिओ कसे ठरवायचे

यूट्यूब चॅनेल नवीन असलं की माणूस दिवसातून दहा वेळा Studio उघडतो, व्ह्यूज किती वाढले बघतो, खूश होतो नाहीतर तोंड पाडतो आणि बंद करतो. त्यातनं पुढचा व्हिडिओ कुठला करायचा हे काही कळत नाही. त्यापेक्षा आठवड्यातनं एकदाच बसायचं, मोबाईलवर तीस मिनिटांचा टायमर लावायचा आणि टायमर वाजेपर्यंत पुढच्या आठवड्याच्या व्हिडिओंची टायटलं कागदावर उतरवायची. टायटलं उतरली नाहीत तर तो रिव्ह्यू झालाच नाही असं समजा, नुसते आकडे चाळले.

समजायला सोपं जावं म्हणून एक चॅनेल धरूया. फोंड्याला राहणाऱ्या एक वहिनी, गोव्याच्या घरगुती जेवणाचं मराठी चॅनेल, मोबाईलवर शूटिंग, आठवड्याला दोन व्हिडिओ, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला. वहिनी आणि त्यांचे आकडे दोन्ही उदाहरणापुरतेच, पण हिशोब तुमच्या चॅनेलला जसाच्या तसा लागू पडतो, मग तुम्ही जत्रा दाखवत असा की भजन.

आधी एकदाच करायचं काम

हे तीस मिनिटांत धरू नका, एखाद्या दुपारी करून टाका. गूगल शीट उघडा, मागचे दहा मोठे व्हिडिओ दुसऱ्या ओळीपासून एकाखाली एक लिहा, जुना वर आणि नवा खाली, शॉर्ट्स यात नकोत. प्रत्येकापुढे टायटल, तारीख आणि मग चार गोष्टी: इम्प्रेशन्स म्हणजे थंबनेल किती वेळा दिसला, सीटीआर म्हणजे त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं, तिसाव्या सेकंदाला किती टक्के लोक टिकले, आणि लोक मुख्यतः कुठून आले. एवढंच. लाइक्स, सबस्क्रायबर, वॉच टाइम हे सगळं असू दे तिथे, पुढचा व्हिडिओ ठरवायला ते फारसं कामाला येत नाही.

हे चारही आकडे प्रत्येक व्हिडिओच्या पहिल्या सात दिवसांचे घ्यायचे. ही गोष्ट बहुतेक लोक सोडून देतात आणि मग चार महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओची तुलना परवाच्या व्हिडिओशी करत बसतात. जुन्याला चार महिने मिळालेत, नव्याला चार दिवस, तुलना कशी व्हायची? व्हिडिओच्या Analytics मध्ये वर उजव्या बाजूला तारखांचा मेनू असतो, त्यात Custom घेऊन अपलोडच्या दिवसापासून सात दिवस टाका. इथे एक गंमत आहे, यूट्यूबचा दिवस अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेनुसार मोजतात, म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा किंवा दीड वाजतात तेव्हा त्यांची तारीख बदलते. तुम्ही शुक्रवारी सकाळी दहाला व्हिडिओ टाकला तर त्यांच्याकडे अजून गुरुवारची रात्र असते. म्हणून वहिनी संध्याकाळी सहाची वेळ सोडत नाहीत, तारीखही जुळते आणि सगळ्या व्हिडिओंना पहिला दिवस सारखाच लांब मिळतो.

दहा ओळी भरल्या की बाजूच्या रिकाम्या कॉलममध्ये इम्प्रेशन्स, सीटीआर आणि टिकलेले लोक या तीन कॉलमांचा मधला आकडा काढा, इम्प्रेशन्सचा असा:

```
=MEDIAN(C2:C11)
```

सरासरी मुद्दाम नको म्हणतोय. वहिनींचा नेवऱ्यांचा व्हिडिओ इतका चालला होता की सरासरी काढली तर बाकीचे नऊच्या नऊ नापास दिसतात. मिडियन म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधे जो येतो तो, एखाद्या मोठ्या आकड्याने तो हलत नाही. वहिनींचं मधलं माप असं आलं: इम्प्रेशन्स ४,०००, सीटीआर ४.५ टक्के, तिसाव्या सेकंदाला ६२ टक्के. पुढे सगळी तुलना या मापाशी, दुसऱ्या कुणाच्या चॅनेलशी नाही. यूट्यूब स्वतः सांगतं की अर्ध्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांच्या मधे असतो. आता या एवढ्या मोठ्या पट्ट्यात तुम्ही कुठे असायला हवं हे त्यावरून काय कळणार?

पहिली दहा मिनिटं: आकडे उतरवायचे

रविवारी बसलात की परवाच्या शुक्रवारचा व्हिडिओ उघडायचाच नाही. मोह होतो, पण त्याचे सात दिवस झालेले नाहीत, शिवाय Analytics चे आकडे पक्के व्हायला एक-दोन दिवस जातात. म्हणजे रविवारी मागच्या शुक्रवारचा व्हिडिओ नऊ दिवसांचा होतो, बरोबर सात अधिक दोन, आणि त्याआधीचा मंगळवारचा बारा दिवसांचा. हे दोनच बघायचे. आपण नेहमी एक आठवडा मागचं बघतोय हे थोडं विचित्र वाटतं खरं, पण अर्धवट आकड्यांवर निर्णय घेण्यापेक्षा बरं.

शक्यतो लॅपटॉपवर बसा, मोबाईलच्या ॲपमध्ये टेबलं नीट दिसत नाहीत. Content मध्ये जाऊन व्हिडिओ, मग Analytics. Reach या टॅबमध्ये Impressions आणि Impressions click-through rate मिळतात आणि लोक कुठून आले ते Traffic source मध्ये. टिकलेल्यांचा ग्राफ Overview मध्ये खाली किंवा Engagement मध्ये असतो, त्यावर 0:30 ला किती टक्के ते वाचा. स्क्रीनवरची नावं आणि जागा यूट्यूब अधूनमधून बदलत असतं, सापडलं नाही तर घाबरू नका, आसपासच असतं.

इम्प्रेशन म्हणजे काय ते नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. तुमचा थंबनेल कुणाच्या स्क्रीनवर निदान अर्धा दिसला आणि एका सेकंदापेक्षा जास्त वेळ दिसला की एक इम्प्रेशन. आणि हे यूट्यूबच्या आतलंच मोजतात. तुम्ही व्हॉट्सॲपवर फॅमिली ग्रुपमध्ये लिंक टाकली आणि मडगावच्या मामींनी तिथून उघडली तर व्ह्यू मोजला जातो, इम्प्रेशन मोजत नाहीत, सीटीआरमध्येही तो धरत नाहीत. तो External मध्ये जातो.

वहिनींच्या दोन ओळी अशा भरल्या. मंगळवारची सोलकढी: इम्प्रेशन्स २,१००, सीटीआर ७.२, तिसाव्या सेकंदाला ४१ टक्के. शुक्रवारचं खतखतं: इम्प्रेशन्स ९,८००, सीटीआर ३.४, तिसाव्या सेकंदाला ६६ टक्के.

पुढची बारा मिनिटं: आकडे वाचायचे

आता पहिल्या नजरेला काय वाटतं? सोलकढीचा सीटीआर भारी, म्हणजे व्हिडिओ चांगला. खतखत्याचा सीटीआर नेहमीपेक्षा पडला, म्हणजे थंबनेल खराब, बदला. नव्या माणसाने एकटा सीटीआर बघितला की तो हमखास हेच करतो, आणि इथे दोन्ही निर्णय उलटे ठरतात.

खतखतं घेऊ. Reach मधल्या Traffic source च्या टेबलात प्रत्येक सोर्सचे वेगळे इम्प्रेशन्स आणि वेगळा सीटीआर बघता येतो, एकत्र आकडा सोडून तिथे जा. होम पेजवरून, म्हणजे Browse features मधून, ८,२०० इम्प्रेशन्स आणि सीटीआर २.८. सर्चमधून ९०० आणि सीटीआर ८. बाकी इकडचे तिकडचे ७००. वहिनींच्या नेहमीच्या व्हिडिओला होम पेजवरून साधारण २,६०० इम्प्रेशन्स मिळतात आणि तिथला सीटीआर ३ असतो, सर्चमधला ८.२. म्हणजे बघा, होम पेजचा सीटीआर जवळपास तोच, सर्चचाही तोच, काहीच बिघडलेलं नाही. फक्त या वेळी यूट्यूबने हा व्हिडिओ होम पेजवर तिपटीने जास्त लोकांना दाखवला. सर्च करणारा माणूस खतखतंच शोधत आलेला असतो, तो क्लिक करणारच, होम पेजवरचा माणूस नुसता स्क्रोल करत असतो. दुसऱ्या प्रकारचे लोक वाढले म्हणून एकत्र सीटीआर खाली आला. तरी क्लिक किती मिळाल्या? ९,८०० चे ३.४ टक्के म्हणजे ३३३ च्या आसपास, आणि नेहमीच्या ४,००० चे ४.५ टक्के म्हणजे १८०. जवळजवळ दुप्पट! आणि आलेले लोक टिकलेही जास्त, ६२ च्या जागी ६६. या व्हिडिओचा थंबनेल अजिबात बदलायचा नाही. हा चाललेला व्हिडिओ आहे, नापास दिसणारा.

सीटीआर खरंच पडलाय हे कधी म्हणायचं? एकाच सोर्सच्या आत पडला तर. होम पेजवरून तितकेच २,६०० च्या आसपास इम्प्रेशन्स मिळाले असते आणि सीटीआर ३ वरून दीडवर आला असता, तर थंबनेल आणि टायटलकडे बघायचं.

आता सोलकढी. लोक क्लिक करतायत पण तिसाव्या सेकंदापर्यंत शंभरातले एकूणसाठ निघून जातायत. इथे एक शंका येते की हे पळणारे म्हणजे व्हॉट्सॲपवरचे आपलेच नातेवाईक असतील, लिंक उघडायची, लाइक द्यायचा, 'छान झालाय गं' लिहायचं आणि बंद. असं होतं, खूप होतं. तपासायचं कसं, तर Advanced mode मध्ये Traffic source निवडून प्रत्येक सोर्सचा Average view duration बघा. वहिनींच्या साडेसहा मिनिटांच्या व्हिडिओत External वाल्यांनी सरासरी ५० सेकंद बघितलं, ते ठीक, पण सर्चमधून आलेल्यांनीही १ मिनिट १० सेकंदच बघितलं, आणि एरवी सर्चवाले अडीच मिनिटांच्या वर थांबतात. म्हणजे दोष मामींचा नाही, व्हिडिओचा.

मग ग्राफ लावून व्हिडिओ स्वतः बघायचा, पहिलं एक मिनिटच. 'नमस्कार मंडळी', मग म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, नारळवालीशी घासाघीस, आगळाची बाटली घेतली, बाटली कॅमेऱ्याला दाखवली, आणि ५५ व्या सेकंदाला नारळ खवायला सुरुवात. ग्राफ ५५ पर्यंत उतरत जातो आणि तिथून जवळजवळ सपाट. टायटल होतं 'पाच मिनिटांत सोलकढी'. पाच मिनिटांत सोलकढी हवी असलेल्या माणसाला तुम्ही बाजार फिरवून आणताय, तो कसा थांबेल. (बाजार छान शूट झालाय, माझं वैयक्तिक मत विचाराल तर तोच भाग मला आवडला, पण त्याचा वेगळा व्हिडिओ होईल.)

या व्हिडिओला दुरुस्तीही आहे. Studio च्या Editor मध्ये Trim & cut आहे, सुरुवातीची ५० सेकंदं कापून सेव्ह करता येतात, लिंक तीच राहते, व्ह्यूज आणि कमेंट तशाच राहतात. प्रोसेसिंगला काही तास लागू शकतात. डिस्क्रिप्शनमध्ये चॅप्टर्सच्या वेळा दिल्या असतील तर त्या सगळ्या ५० सेकंदांनी चुकतात, त्या बदलायला विसरू नका. हे कापाकापीचं काम मात्र रिव्ह्यूच्या वेळात करायचं नाही, शीटवर 'ट्रिम' एवढं लिहून पुढे चला, नाहीतर टायमर तिथेच वाजतो.

ग्राफवर अजून एक गोष्ट बघायची, उंचवटा. खतखत्याच्या व्हिडिओत वहिनी तेफळाच्या आतली काळी बी काढून टाकतात आणि नुसती सालं ठेचून पाण्यासकट घालतात, तिथे रेषा वर आलीय. म्हणजे लोक मागे जाऊन परत बघतायत. लोकांना तेवढंच कळलं नव्हतं किंवा नवीन होतं. ही नोंद शीटवर.

आणि एक सावधगिरी. आकडे छोटे असतील तर टक्क्यांवर जाऊ नका. ३०० इम्प्रेशन्सवर एक टक्का म्हणजे तीन माणसं, तुमच्या वाड्यावरच्या एका घरात तेवढी असतात. माझा आपला ठोकताळा असा की हजाराच्या खाली इम्प्रेशन्स असतील तर सीटीआरवरून काहीच ठरवायचं नाही, शीटवर लिहायचं आणि सोडून द्यायचं.

शेवटची आठ मिनिटं: टायटलं लिहायची

आता शोधलेले शब्द बघा. Traffic source मध्ये YouTube search वर क्लिक केलं की लोकांनी काय टाईप करून तुमचा व्हिडिओ गाठला त्याची यादी येते. सोलकढीखाली वहिनींना हे दिसलं: `sol kadhi recipe marathi`, `sol kadhi without coconut`, `आगळाची सोलकढी`, `आगळ घरी कसे बनवायचे`. पहिल्या आणि तिसऱ्याचं उत्तर त्यांच्या व्हिडिओत आहेच. दुसऱ्याचं आणि चौथ्याचं नाही, ते लोक येऊन निराश होऊन गेले असणार. म्हणजे दोन व्हिडिओंचे विषय फुकट मिळाले, तेही बघणाऱ्यांच्याच शब्दांत.

पण दोन्ही लगेच करायचे नाहीत. आगळ घरी करायला पिकलेली रातांबी लागतात आणि ती येतात उन्हाळ्यात, आता ऑगस्टमध्ये कुठून आणणार. तो विषय शीटच्या 'पुढे कधीतरी' कॉलममध्ये, समोर 'एप्रिल' लिहून. नारळाशिवायची सोलकढी मात्र उद्यासुद्धा होईल, आगळ, लसूण, मिरची, कोथिंबीर, पाणी. पुढच्या मंगळवारचा व्हिडिओ ठरला: 'नारळ न घालता सोलकढी, फक्त आगळाची'. विषय तोच ठेवला कारण क्लिक मिळत होत्या, बदलली ती सुरुवात. पहिल्या दहा सेकंदांत तयार सोलकढीचा पेला दाखवायचा आणि लगेच भांड्यात आगळ.

शुक्रवारसाठी खतखत्याकडे जायचं. इथे दोन वाटा आहेत. तेफळावर लोक अडकले म्हणून तेफळ घालून बांगड्याचं हुमण करावं असं वाटू शकतं, वहिनींच्या घरी सगळ्यांचं मत तेच पडेल. मी तसं करणार नाही. होम पेजवरून जे नवे लोक आले ते कांदा-लसूण नसलेल्या नैवेद्याच्या जेवणावर क्लिक करून आलेत, श्रावण चालू आहे, त्यांच्यासमोर पुढच्याच आठवड्यात मासा ठेवला तर त्यातले बरेच क्लिक करणार नाहीत. त्याच पंगतीतलं दुसरं काहीतरी द्यायचं: 'नैवेद्याचं मुगागाठी, कांदा लसूण नाही'. थंबनेलची मांडणी खतखत्यासारखीच, तेच केळीचं पान, तसाच वरून काढलेला फोटो, म्हणजे आधीचा व्हिडिओ बघितलेल्याला ओळख पटते. टायटलमध्ये 'भाग २' घालायचं नाही, ज्याने पहिला बघितला नाही तो मागे हटतो. तेफळाचं काय करायचं? त्याची बी काढून ठेचायची चाळीस सेकंदांची क्लिप शॉर्ट म्हणून टाकायची.

प्रत्येक टायटलसमोर एकच वाक्य लिहायचं, कुठला आकडा हलायला हवा. सोलकढीसमोर: 'तिसाव्या सेकंदाला ४१ वरून ५५ च्या वर'. मुगागाठीसमोर: 'होम पेजचे इम्प्रेशन्स ५,००० च्या वर, तिथला सीटीआर ३ च्या आसपास'. हे आधी लिहून ठेवलं नाही तर दोन आठवड्यांनी जो आकडा चांगला दिसेल तोच आपल्याला हवा होता असं वाटायला लागतं. मग नवीन दोन ओळी खाली जोडून मिडियनच्या फॉर्म्युल्यातली रेंज दोन ओळींनी खाली सरकवायची, म्हणजे माप कायम शेवटच्या दहा व्हिडिओंचं राहतं.

काही अडचणी येतात त्या

शॉर्ट्स या शीटमध्ये मिसळू नका. शॉर्ट्स फीडमध्ये थंबनेलवर क्लिक करून कोणी येत नाही, त्यामुळे सीटीआरचा हिशोब तिथे लागत नाही. किती जण थांबले आणि किती जणांनी वर ढकललं एवढंच बघा. आणि ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता चालू झाला तरी व्ह्यू मोजला जातो, म्हणून त्याआधीच्या शॉर्ट्सचे व्ह्यूज आणि आत्ताचे यांची तुलना करायला गेलात तर फसाल. जुन्या पद्धतीचा आकडा Engaged views या नावाने मिळतो.

चवथीचे आठवडे वेगळ्या रंगात रंगवून ठेवा. चवथीआधी नेवऱ्या, पातोळ्या, माटोळी काहीही टाका, इम्प्रेशन्स चढतात, आणि विसर्जन झाल्यावर धप्पकन खाली येतात. त्या पडझडीत तुमचा काही दोष नसतो, आणि चढले तेव्हा तुमची फार मोठी करामत होती असंही नाही. त्या दिवसांतल्या व्हिडिओची तुलना मागच्या वर्षीच्या चवथीशी करा, आणि चॅनेल नवीन असेल तर ते व्हिडिओ मिडियनमधून बाहेर ठेवा.

अगदीच नवीन चॅनेल असेल, व्हिडिओला शंभर व्ह्यूजही होत नसतील, तर ग्राफवरचे खास क्षण दाखवणारा Key moments चा भाग तुम्हाला दिसणारच नाही, त्याला निदान १०० व्ह्यूज आणि एक मिनिटाचा व्हिडिओ लागतो. तोवर चार आकड्यांचा खटाटोप अर्ध्यावर आणा: शीट भरत राहा, पण निर्णय फक्त दोन गोष्टींवर घ्या, सर्चमधले शब्द आणि अनोळखी लोकांच्या कमेंटमधले प्रश्न. कोणीतरी 'तेफळ नसेल तर काय घालायचं' विचारलं असेल तर ते टायटल म्हणून जसंच्या तसं उतरवा, वेळ पंधरा मिनिटंही लागणार नाही.